सीए इंटर: एक अटेम्प्ट संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत

सीए इंटर आता वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. त्यामुळे नापास झालेल्या मुलाला घरचे म्हणतात, "चार महिने आहेत की हातात." मुलगाही तेच धरून चालतो. पण 2025 चं कॅलेंडर उघडून बघा. मेची परीक्षा भारत-पाकिस्तान तणावामुळे मध्येच थांबली. 9 मेपासूनचे पेपर पुढे गेले आणि 16 ते 24 मे दरम्यान झाले. निकाल लागला 6 जुलैला. सप्टेंबरचा फॉर्म 5 जुलैला सुरू झाला आणि लेट फीशिवाय 18 जुलैपर्यंत होता. ग्रुप एकचा पहिला पेपर 4 सप्टेंबरला. म्हणजे निकाल कळल्यावर पूर्ण दिवस मिळाले 59.

मे अखेर ते जुलैचा पहिला आठवडा हे साधारण सहा आठवडे कुठे गेले? बहुतेकांचे "निकाल लागू दे, मग बघू" यात गेले. माझ्या मावसबहिणीचेही तसेच गेले. तिच्या परवानगीने तिची मार्कशीट खाली मांडतो आहे, कारण मधल्या दिवसांचं गणित त्यावरून नीट कळतं. मी स्वतः इंटरला दोनदा आपटलो होतो, तेही परीक्षा वर्षातून दोनदाच व्हायची तेव्हा. म्हणून हे लांबून दिलेले सल्ले नाहीत.

पहिलं काम: शेवटच्या पेपरनंतर दोन दिवसांत वही

ॲन्सर की बघून मार्क मोजत बसा असं मी म्हणत नाही, त्याने फक्त जीव खालीवर होतो. वहीत प्रत्येक पेपरसाठी तीनच गोष्टी लिहायच्या. किती मार्कांचं सोडलं, कुठल्या प्रश्नाला नुसती जागा भरली, आणि वेळ कुठे गेला. प्रश्नपत्रिका हातात असते, तिच्यावरच पेनने खुणा करा. हे दोन दिवसांतच करायचं, कारण आठवड्यानंतर "टॅक्स बरा गेला होता" एवढंच आठवतं. बहिणीला जुलैत नेमकं हेच आठवत होतं आणि टॅक्सला तिला 38 होते.

या वहीवरून निकालाआधीच स्वतःला एका गटात घालता येतं: बहुधा सुटणार, अधांतरी, किंवा बहुधा नाही. चूक झाली तरी बिघडत नाही, पुढचे सहा आठवडे कशात घालायचे एवढंच यावर ठरतं.

आंधळे सहा आठवडे

निकालाच्या आधीच्या या काळात असं काहीतरी करायचं जे निकाल कसाही लागला तरी वाया जाणार नाही. म्हणून लॉ आणि ऑडिट उघडू नका. थिअरी या काळात केली तर सप्टेंबरपर्यंत गळून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. कॉस्टिंग आणि एफएम मात्र हातात बसणारे विषय आहेत. प्रोसेस कॉस्टिंगचे पन्नास प्रश्न जूनमध्ये हाताने सोडवले असतील तर ऑगस्टमध्ये ते दोन दिवसांत परत येतात. शिवाय त्यात ना फायनान्स ॲक्ट बदलतो ना सर्क्युलर येतं.

"बहुधा सुटणार" गटातल्यांसाठी एक वेगळं काम आहे. नव्या स्कीममध्ये इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते, आणि त्याआधी आयसीआयटीएसएस म्हणजे ओरिएंटेशन आणि आयटी ट्रेनिंग पूर्ण लागतं. निकालानंतर सगळेच बॅच शोधायला धावतात. ज्याची वही चांगली बोलते आहे त्याने ते याच काळात उरकावं. अधांतरी असलेल्याने फार तर आयटीचा भाग करावा आणि उरलेला वेळ कॉस्टिंगला द्यावा. ट्रेनिंगच्या नावाखाली अभ्यास टाळणं फार सोपं असतं, आणि दिवसभर वर्गात बसल्यामुळे काहीतरी केल्यासारखंही वाटतं.

किती तास करायचे? रोजचे अडीच पुरेत. 43 दिवसांत शंभराच्या वर तास होतात. या शंभर तासांची किंमत पुढे तासांच्या हिशेबात दिसेल.

निकालाच्या दिवशी: मार्कशीट वाचणं

ग्रुप सुटायला प्रत्येक पेपरात 40 आणि तीन पेपर मिळून 150 लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिले असतील तर सहाही पेपरात 40 आणि एकूण 300 चालतात, म्हणजे एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला उपयोगी पडतात. बहिणीने मे 2025 ला दोन्ही दिले होते. अकाउंट्स 44, लॉ 63, टॅक्स 38, बेरीज 145. कॉस्टिंग 35, ऑडिट 52, एफएम-एसएम 47, बेरीज 134.

घरी सगळे दोन्ही ग्रुप गेले म्हणून बसले होते. पण या दोन ग्रुपांचं दुखणं एकसारखं नाही. लॉला 63 असल्यामुळे त्या पेपरचं एक्झेम्प्शन मिळालं. ग्रुपमधले सगळे पेपर दिले असतील, ग्रुप गेला असेल आणि एखाद्या पेपरात 60 किंवा जास्त असतील, तर तो पेपर पुढच्या तीन परीक्षांपर्यंत पुन्हा द्यावा लागत नाही. पहिला पेपर वाईट गेला म्हणून उरलेले न देता घरी बसणारे इथेच मार खातात.

मुख्य म्हणजे ते 63 बेरजेत धरले जातात. 150 मधून 63 गेले, उरले 87. म्हणजे अकाउंट्स आणि टॅक्स मिळून 87, आणि दोन्हीत किमान 40. अकाउंट्सला 47 आणि टॅक्सला 40 मिळाले तरी ग्रुप सुटतो. तिला पाच मार्कांचीच वाढ हवी होती. दुसऱ्या ग्रुपात मात्र 16 मार्क कमी, कॉस्टिंग चाळिशीच्या खाली आणि हाताशी एकही एक्झेम्प्शन नाही. तिथे तीनही पेपर नव्याने द्यायचे.

एक्झेम्प्शनचं घड्याळ

या नियमात दोन खाचा आहेत, आणि दोन्हींनी मुलं फसतात.

एक, "पुढच्या तीन परीक्षा" म्हणजे कॅलेंडरवरच्या लगेचच्या तीन परीक्षा. तुम्ही बसा किंवा घरी राहा, घड्याळ चालूच. वर्षातून दोन परीक्षा असताना त्या तीन परीक्षा दीड वर्षात पसरलेल्या असायच्या. आता वर्षभरातच संपतात. बहिणीच्या लॉसाठी त्या होत्या सप्टेंबर 2025, जानेवारी 2026 आणि मे 2026. "हा अटेम्प्ट सोडते, जानेवारीला नीट देते" असं ती निकालाच्या संध्याकाळी म्हणाली, तेव्हा तीनपैकी एक ती फुकट घालवत होती.

दुसरी खाच कमी लोकांना माहीत असते. एका ग्रुपात एक्झेम्प्शन हातात असताना तोच ग्रुप पुन्हा गेला, तर उरलेल्या पेपरात कितीही मार्क पडले तरी नवं एक्झेम्प्शन मिळत नाही. जुनं संपेपर्यंत नाही. समजा सप्टेंबरला तिला अकाउंट्सला 66 आणि टॅक्सला 36 पडले असते, तर ते 66 हवेत गेले असते. म्हणून एक्झेम्प्शन हातात असलेल्या ग्रुपमध्ये एका पेपरवर जीव टाकून दुसरा कसाबसा देणं हा सगळ्यात वाईट बेत. तिथे दोन्ही पेपर मध्यम जायला हवेत. नुसत्या 60-61 च्या एक्झेम्प्शनने बेरजेला फारशी मदत होत नसेल, तर फॉर्म भरण्याआधी ते सोडून देण्याची सोयही आहे. पण सोडलेलं परत मिळत नाही, तेव्हा दोन पेपरच उरले असतील तर मी तरी हात लावणार नाही.

(तीन परीक्षा संपल्यावर नव्या स्कीममध्ये एक्झेम्प्शन कायमचं करून घेता येतं, पण मग ग्रुपमधल्या उरलेल्या प्रत्येक पेपरात 50 लागतात. चाळिशीला अडकलेल्या मुलाला ही सवलत महागातच पडते.)

एक ग्रुप की दोन: तासांचा हिशेब

हा निर्णय बहुतेक घरांत भावनेवर होतो. वडील म्हणतात दोन्ही भर, पैसे तेवढेच. तेवढेच नाहीत, एका ग्रुपचे 1,500 आणि दोन्हीचे 2,700, पण खरा खर्च तासांचा आहे.

आधी एकदा दिलेल्या पेपरसाठी माझा अंदाज असा: पहिली उजळणी 60 तास, दुसरी 25, आणि लिहून सोडवलेले पेपर व त्यांची तपासणी 10. एकूण 95. एक्झेम्प्शनचा लॉ सोडून बहिणीचे पाच पेपर, म्हणजे 475 तास. हातात दिवस 59. राखी, घरचा गणपती, गौरी आणि एखादं आजारपण धरून पाच गेले, उरले 54. दहा तास अभ्यास करणारे मला भेटले आहेत, पण पन्नास दिवस सलग करणारा नाही. म्हणून सात तास धरले. 54 गुणिले 7 म्हणजे 378.

475 लागणार आणि 378 आहेत, तेव्हा दोन्ही ग्रुप होत नाहीत. आता ते आंधळे सहा आठवडे आठवा. तिने रोज अडीच तासांनी कॉस्टिंगची पूर्ण पहिली उजळणी आणि एफएमचा बराचसा भाग, असे शंभर तास आधीच घातले असते, तर 375 उरले असते. जेमतेम, पण दोन्ही ग्रुपचा विचार करता आला असता. जून तिचा एका लग्नात आणि कोकणात गेला होता. तिला हा हिशेब दाखवला तेव्हा ती बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसली.

राहिला एकच ग्रुप. मग कुठला? मला विचारलंत तर पहिला, आणि कारणं तिन्ही मार्कशीटमध्येच आहेत. पाच मार्कांचीच वाढ हवी आहे, लॉचं घड्याळ चालू आहे, आणि तिसरं कारण टॅक्स. टॅक्सला लागू होणारा फायनान्स ॲक्ट साधारणपणे मेच्या परीक्षेपासून बदलतो. मे 2025, सप्टेंबर 2025 आणि जानेवारी 2026 या तिघांना आकारणी वर्ष 2025-26 लागू होतं. म्हणजे मेला शिकलेला टॅक्स सप्टेंबरला तसाच चालतो, जीएसटीतल्या काही दुरुस्त्या तेवढ्या वाढतात. पुढच्या मेपर्यंत ढकललं असतं तर स्लॅबपासून पुन्हा. तुमचा अटेम्प्ट कुठलाही असो, बोर्ड ऑफ स्टडीजची लागू तरतुदींची सूचना आणि आरटीपीमधला दुरुस्त्यांचा भाग आधी बघा, मगच जुन्या नोट्स उघडा.

दुसरा ग्रुप जानेवारीवर गेला म्हणजे आर्टिकलशिप चार महिने पुढे जाते, आणि दोन वर्षांच्या आर्टिकलशिपनंतर सहा महिन्यांनी फायनल असल्याने तीही सरकते. हे नुकसान खरंच आहे. पण सप्टेंबरला दोन्ही देऊन दोन्ही गेले, तर हेच चार महिने जातात आणि लॉच्या एक्झेम्प्शनमधली एक परीक्षाही.

फॉर्मची घाई निकालाच्या रात्री करू नका. खिडकी दोन आठवडे असते. जानेवारी 2025 चा निकाल 4 मार्चला लागला तेव्हा मेचा फॉर्म 1 ते 14 मार्च होता, तिथेही दहा दिवस मिळाले. शेवटच्या तारखेनंतर दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस उघडतात, त्यात ग्रुप किंवा केंद्राचं शहर बदलता येतं. लेट फी 600 रुपये, ती उगाच.

उत्तरपत्रिका मागवायची का

पडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघणं. फी पेपरला 100 रुपये. 38 किंवा 39 वर अडकलेल्याने ती करावी, पण तिच्या भरवशावर त्या पेपरचा अभ्यास थांबवू नये. उत्तरपत्रिकेची प्रत मागवणं मला जास्त मोलाचं वाटतं. पेपरला 500 रुपये पडतात आणि दोन्हींसाठी निकालापासून 30 दिवसांची मुदत असते. हाती यायला वेळ लागतो, म्हणून मागवायची तर पहिल्याच आठवड्यात.

बहिणीने टॅक्सची मागवली. जीएसटीची उत्तरं तिने बरोबर दिली होती, पण वर्किंग नोट नव्हती. इनपुट टॅक्स क्रेडिट कुठलं मिळतं आणि कुठलं अडतं, हे तिने डोक्यात केलं आणि थेट अंतिम आकडा लिहिला. एका प्रश्नात आकडा चुकला, आणि मधल्या पायऱ्याच नसल्याने तिथे शून्य. "मला येत होतं रे," ती म्हणाली. येत होतं हे खरंच होतं. मार्क कागदावर लिहिलेल्याला मिळतात.

59 दिवसांची आखणी शेवटाकडून

7 जुलैपासून पुढे आखायला बसलं की सुरुवातीच्या धड्यांना दहा दिवस जातात आणि शेवटच्यांना एक. त्याऐवजी परीक्षेच्या तारखांपासून मागे या. सप्टेंबर 2025 ला ग्रुप एकचे पेपर 4, 7 आणि 9 तारखेला होते. 7 चा लॉ तिला द्यायचाच नव्हता. म्हणजे अकाउंट्स झाल्यावर टॅक्सला 5 ते 8 असे चार पूर्ण दिवस मिळाले. इतर मुलांना तिथे दीड-दोन दिवस होते. एक्झेम्प्शनचा हा फायदा वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

त्यावरून पुढचं ठरलं. टॅक्सची शेवटची उजळणी त्या चार दिवसांत, त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा आठवडा जवळजवळ सगळा अकाउंट्सला. 27 ऑगस्टला गणपती, 31 ला गौरी आल्या, 2 सप्टेंबरला विसर्जन. घरात पाहुणे आणि बाहेर मंडळाचा स्पीकर. ते दिवस तिने आधीच अर्धे धरले आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जागा बघून ठेवली. सणाच्या दिवशी पूर्ण सात तास लिहून ठेवायचे आणि मग रात्री रडायचं, यात काही अर्थ नाही.

पहिली उजळणी 3 ऑगस्टपर्यंत. सकाळी अकाउंट्स, दुपारी टॅक्स, रोज दोन्ही, कारण दुखणं दोन्हीकडे होतं. दिवसातले उरलेले दीड-दोन तास कॉस्टिंगला, जानेवारीसाठी. दुसरी उजळणी 20 ऑगस्टच्या आसपास संपवायची, आणि ती सुरू झाली की कॉस्टिंग पूर्ण बंद. मग एमटीपी. तो दुपारी 2 ते 5 याच वेळेत, घड्याळ लावून, पेनने लिहायचा, कारण जेवणानंतरची सुस्तीही परीक्षेचाच भाग आहे. एमसीक्यूचे 30 मार्क असतात आणि इंटरला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

बेत बिघडतो आहे हे दोन ठिकाणी कळतं. 3 ऑगस्टला पहिली उजळणी दोन्ही पेपरांत निम्म्यावर असेल, तर जानेवारीचं कॉस्टिंग त्याच दिवशी बंद करा, आठवडाभर वाट बघू नका. आणि घरी कडक तपासलेल्या एमटीपीत एखादा पेपर 45 च्या खाली आला तर परीक्षेत 40 ची खात्री नाही. तेव्हा नवे धडे थांबवून त्या पेपरात किती मार्कांचं सोडलं गेलं ते मोजा. बहिणीच्या पहिल्या टॅक्स एमटीपीत 14 मार्कांचं नुसतं वेळेअभावी राहिलं होतं. तिला आणखी वाचायची गरज नव्हती, पगाराच्या उत्पन्नाचा प्रश्न पंचवीस मिनिटांत संपवायची होती. तिने तोच प्रश्न वेगवेगळ्या एमटीपींतून घेऊन सहा दिवस रोज एकदा लिहिला.

अकाउंट्सला 51, टॅक्सला 46, लॉचे जुने 63. बेरीज 160.

हे कळलं 3 नोव्हेंबरला. पण 9 सप्टेंबरचा पेपर झाल्यावर तिने वही भरली, दोन दिवस झोप काढली, मोदक खाल्ले आणि 12 तारखेला कॉस्टिंग उघडलं. ग्रुप एक अधांतरीच होता, तरी ग्रुप दोन जानेवारीला द्यायचा हे नक्की होतं. निकालापर्यंत दिवाळी धरून साधारण पन्नास दिवस होते. प्रोसेस कॉस्टिंग, मार्जिनल आणि स्टँडर्ड कॉस्टिंग आणि अख्खं एफएम त्यात झालं. ऑडिटला हात लावला नाही. ते आणि एसएम निकालानंतर, डिसेंबरसाठी ठेवले. 3 नोव्हेंबरलाच जानेवारीचा फॉर्मही सुरू झाला होता, आणि या वेळी फक्त एका ग्रुपचे 1,500 भरायचे होते.